शंभर रुपयांतले लेखकाकडे किती पोचतात?

मराठीत लिहिणारी, चित्रं काढणारी, पॉडकास्ट करणारी मुंबईतली बरीच माणसं आता वाचकांकडे थेट पैसे मागू लागली आहेत, आणि ते मला अगदी योग्य वाटतं. दिवाळी अंकांच्या मानधनावर या शहरात कुणाचं घरभाडं भागत नाही. नियतकालिकं वर्गणीदारांवर चालायची, त्याच वाटेने आता एकेकटा लेखक चालू पाहतोय, आणि त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही. माझा आक्षेप वर्गणीसाठी ते इंटरनेटवर जी पानं उघडतात त्यांच्या रचनेला आहे. बहुतेकांनी ती अमेरिकी नमुन्यावरून उचललेली असते. चार-पाच टिअर म्हणजे वर्गणीच्या पायऱ्या, प्रत्येक टिअरला आधीच्यापेक्षा मोठी भेट, सर्वांत वर ‘तुमच्यासाठी खास’ असं काहीतरी. इंग्रजीत ज्याला पाच हजार पाठीराखे मिळतात त्याला ही रचना परवडते. मराठीत पन्नास-साठ माणसं जमवायलाच वर्ष जातं. एवढ्या माणसांवर ही रचना लादली की लेखकाच्या हातात पैसे कमी येतात आणि त्याचा वेळही जातो.

माझं म्हणणं असं आहे की मराठी लेखक-कलावंताच्या पानावर दोनच रकमा असाव्यात, दोन्ही रकमा देणाऱ्यांना एकच काम मिळावं, कुरिअरने काहीही जाऊ नये, आणि फी कापून हातात किती उरतं ते पानावरच लिहिलेलं असावं. हे का, ते एका हिशोबावरून सांगतो.

गिरगावात राहणारी माझी एक मैत्रीण चाळींवर चित्रमालिका करते. जिने, सज्जे, सामायिक नळ, गॅलरीत वाळत घातलेली गोधडी, आणि प्रत्येक चित्राखाली तिथल्या कुणाची तरी चार ओळींची हकिगत. तिच्या पानावर तीन टिअर होते. महिना ९९ रुपये देणाऱ्याला चित्रं दोन दिवस आधी बघायला मिळत. २९९ रुपयेवाल्यांना शिवाय दर महिन्याला एक छापील प्रिंट घरपोच. ९९९ रुपयांत प्रिंट आणि त्यांनी सुचवलेल्या जागेचं हाताने काढलेलं एक स्केच. साठ पाठीराखे होते. त्यांतले चाळीस ९९ देणारे, पंधरा २९९ देणारे आणि पाच ९९९ देणारे. म्हणजे महिन्याला १३,४४० रुपये. बाहेरून बघणाऱ्याला ही छान जमलेली गोष्ट वाटेल.

आता कापलं काय जातं ते बघा. तिचं पान ज्या मंचावर होतं तो १० टक्के घ्यायचा, पैसे वळते करणारा गेटवे २ टक्के, आणि या दोन्ही फींवर १८ टक्के जीएसटी. ही शेवटची गोष्ट सुरुवातीला कुणाच्याच लक्षात येत नाही, कारण मंचाच्या माहितीपत्रकात १० टक्के मोठ्या अक्षरात असतात आणि बाकीचं खाली. एकूण कात्री होते १४.१६ टक्क्यांची. म्हणजे १३,४४० मधून १,९०३ रुपये जाऊन ११,५३७ उरले. हे अजून सोसण्यासारखं आहे. खरा खर्च पुढेच आहे.

प्रिंट छापायला ४० रुपये, मुडपू नये म्हणून जाड पुठ्ठ्याचं पाकीट १२ रुपये, कुरिअर सरासरी ६०. एका पाकिटामागे ११२ रुपये. अशी वीस पाकिटं म्हणजे २,२४० रुपये. हातात राहिले ९,२९७.

हेच आता एकेका माणसाच्या पातळीवर बघू. ९९ रुपये देणाऱ्याकडून तिला निव्वळ ८५ रुपये मिळतात. २९९ देणाऱ्याकडून फी आणि पाकीट वजा जाता १४५. वाचकाने तिप्पट पैसे दिले, पण तिच्याकडे पावणेदोनपटही आले नाहीत. मधला सगळा पैसा छापखाना आणि कुरिअरवाल्याकडे गेला. त्या वाचकाला मात्र वाटतंय की आपण तिला तिप्पट आधार देतोय. त्याची ही समजूत चुकीची ठरते, आणि दोष त्याचा नाही, पान तसं रचलंय.

९९९ च्या टिअरचं दुखणं याहून मोठं आहे. पाकीट आणि फी वजा जाता एका माणसाकडून ७४५ रुपये येतात, आणि त्या बदल्यात एक स्केच द्यायचं. तेच स्केच ती बाहेर कमिशनवर, म्हणजे कुणाच्या मागणीवरून, करते तेव्हा अडीच हजार घेते, कारण जागेवर जाणं, बसणं, काढणं यात चार तास सहज जातात. म्हणजे सर्वांत मोठी रक्कम देणारा पाठीराखा प्रत्यक्षात तिच्याकडून एक तृतीयांशापेक्षा कमी दरात काम करून घेत होता. त्याला याची कल्पनाही नव्हती. उलट आपण सढळ हाताने देतोय असं त्याला वाटत होतं, आणि त्याच भावनेने तो कधीकधी ‘या वेळी जरा मोठ्या आकाराचं मिळेल का’ असंही विचारायचा. यात तो वाईट माणूस नाही. पानाने त्याला गिऱ्हाईक केलं आणि मग तो गिऱ्हाइकासारखा वागला.

पाच स्केचचे वीस तास आणि वीस पाकिटं भरणं, पत्ते लिहिणं, परत आलेलं पाकीट पुन्हा पाठवणं यात सहा तास. महिन्याचे सव्वीस तास मालिकेबाहेरच्या कामात. ज्या मालिकेसाठी लोक पैसे देत होते तीच मागे पडू लागली. माझ्या मते अशा पानाचं बिघडलंय हे ओळखायची सर्वांत सोपी खूण हीच आहे. ‘या महिन्याचं चित्र थोडं उशिरा येईल’ अशा सूचना वाढल्या आणि भेटी मात्र वेळेवर जात राहिल्या, तर समजावं की पानाने मूळ काम गिळायला सुरुवात केली आहे.

फीबद्दल लोक बोलतात तेव्हा फक्त टक्क्यांबद्दल बोलतात. खरं तर छोट्या रकमेला मारते ती टक्केवारी नव्हे, प्रत्येक व्यवहारामागची ठरावीक रक्कम. पेट्रिऑन हा या प्रकारचा सर्वांत नावाजलेला मंच. संगीतकार जॅक कॉन्टी आणि सॅम याम यांनी तो २०१३ मध्ये सुरू केला. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी जाहीर केलं की यापुढे व्यवहाराचा खर्च लेखकाऐवजी पाठीराखा भरेल, दर वर्गणीमागे २.९ टक्के अधिक ३५ सेंट. ऐकायला लेखकाच्या सोयीचं वाटतं. पण महिना १ डॉलर देणाऱ्याला आता १.३८ डॉलर पडणार होते आणि १०० डॉलर देणाऱ्याला १०३.२५. एकाला अडतीस टक्के बोजा, दुसऱ्याला सव्वातीन. दहा लेखकांना एकेक डॉलर देणाऱ्या माणसांनी धडाधड वर्गण्या रद्द केल्या, लेखकांनी आरडाओरडा केला, आणि थोड्याच दिवसांत मंचाने माफी मागून निर्णय मागे घेतला. मराठी पान काढणाऱ्या प्रत्येकाने ही घटना माहीत करून घ्यावी असं मला वाटतं, कारण आपले पाठीराखे बहुतेक ‘एक डॉलरवाले’च असणार. शंभर रुपये महिना हा आपल्याकडचा खरा आकडा आहे. म्हणून मंच निवडताना पहिला प्रश्न असा विचारायचा की दर व्यवहारामागे ठरावीक किती कापता. टक्के किती, हे नंतर.

आजचे दर सांगायचे तर ऑगस्ट २०२५ पासून पेट्रिऑनवर नवं पान उघडणाऱ्याला १० टक्के मंचाची फी आहे, व्यवहाराचा आणि चलनबदलाचा खर्च वेगळा. बाय मी अ कॉफी ५ टक्के घेतं. को-फाय एकरकमी मदतीवर स्वतःची फी घेत नाही, महिन्याच्या सभासदत्वावर मात्र मोफत खात्याला ५ टक्के लावतं. शिवाय नोव्हेंबर २०२४ पासून पेट्रिऑनच्या आयफोन अ‍ॅपमधून घेतलेल्या नव्या सभासदत्वावर अ‍ॅपलची ३० टक्क्यांपर्यंतची कात्री आली. तेव्हा त्या मंचावर असणाऱ्याने ‘कृपया अ‍ॅपमधून नको, ब्राउझरमधून या’ एवढी एक ओळ पानावर लिहिली तरी फरक पडतो.

मग थेट यूपीआयच का नको, असं पुष्कळ जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घेतलं जात नाही आणि एका माणसाकडून दुसऱ्याला पाठवलेले शंभर रुपये पूर्ण शंभर पोचतात. एकरकमी मदतीसाठी क्यूआर कोड पानावर ठेवावाच. फक्त त्यासाठी वेगळा यूपीआय आयडी काढावा, नाहीतर आपला मोबाइल नंबर जगजाहीर होतो आणि बायकांना त्याचा त्रास जास्त होतो. पण दर महिन्याला आठवणीने पैसे पाठवणारे फार थोडे असतात. पहिल्या महिन्यात तीस जण पाठवतात, चौथ्या महिन्यात सहा. त्यांचं प्रेम आटलेलं नसतं, त्यांना आठवत नाही एवढंच. वर्गणीचा सगळा अर्थ ती आपोआप जाण्यात आहे, आणि मंच किंवा गेटवे जे पैसे घेतो ते मुख्यतः या आपोआपपणाचे.

हा आपोआपपणाही आपल्याकडे नाजूक आहे. रिझर्व्ह बँकेचे आवर्ती व्यवहारांचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडकपणे लागू झाले. कार्डावरून दरमहा पैसे कापायचे तर आधी बँकेत मॅन्डेट, म्हणजे पैसे आपोआप कापायची परवानगी, नोंदवावा लागतो, आणि प्रत्येक वेळी पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी ग्राहकाला सूचना जावी लागते. ग्राहकाच्या दृष्टीने नियम चांगला आहे, मी त्याच्या बाजूचा आहे. पण ज्या परदेशी मंचांचा व्यवहार या पद्धतीत बसत नव्हता तिथे भारतीय कार्डांवरच्या वर्गण्या नाकारल्या जाऊ लागल्या. वाचकाला कळत नाही, लेखकालाही कळत नाही. पानावर पाठीराख्यांची संख्या तीच दिसते आणि खात्यात येणारी रक्कम घटते. म्हणून दर महिन्याला या दोन आकड्यांचा ताळा घालायचा आणि नाकारल्या गेलेल्या व्यवहारांची यादी उघडून बघायची. ज्याची वर्गणी अडकली त्याला साध्या भाषेत कळवायचं. बहुतेक लोक आनंदाने दुसरा मार्ग वापरतात. भारतातल्या वाचकांसाठी यूपीआय ऑटोपे असलेला मंच घ्यावा हे माझं स्पष्ट मत आहे. मॅन्डेट वाचकाच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये दिसतो, त्याला तो थांबवता येतो, आणि ‘एकदा अडकलो की सुटका नाही’ ही भीती त्यामुळे जाते.

वार्षिक वर्गणी ठेवा, बारा व्यवहारांऐवजी एकच होईल, असाही सल्ला मिळतो. ठरावीक शुल्काच्या दृष्टीने तो बरोबर आहे, आणि एक वर्षापर्यंत मला तो मान्य आहे. त्यापुढे नाही. मराठी नियतकालिकांच्या आजीव वर्गणीचं काय झालं ते आपल्या सर्वांच्या ओळखीचं आहे. एकदाच रक्कम घेतली, ती त्या वर्षीच्या कागदात आणि छपाईत संपली, पुढे कागद महागला, टपाल महागलं, आणि अंक मात्र वर्षानुवर्षं फुकट पाठवत राहावं लागलं. आगाऊ घेतलेली वर्गणी म्हणजे डोक्यावरचं देणं असतं. वर्षाचे हजार रुपये आले तर त्यातला एक बारावा भागच या महिन्याचा, बाकीचे वेगळ्या खात्यात. हे ज्याला जमणार नाही त्याने महिन्याचीच वर्गणी घ्यावी. ‘लाइफटाइम सपोर्टर’ नावाचा टिअर तर कुणीच ठेवू नये.

भेटींच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा मी हलका मानत नाही. ते म्हणतात, मराठी वाचक हातात काही पडल्याशिवाय पैसे देत नाही. पण माझ्या मैत्रिणीच्या त्या साठ जणांकडेच बघा. त्यांतले चाळीस जण ९९ रुपये देत होते आणि त्यांना मिळत काय होतं, तर जे चित्र दोन दिवसांनी सगळ्यांना फुकट दिसणार तेच थोडं आधी. म्हणजे दोनतृतीयांश लोक केवळ मालिका चालू राहावी म्हणून देत होते. याच लोकांचा पैसा सर्वांत जास्त शाबूत पोचतो, आणि पानावर सर्वांत कमी आदर त्यांनाच असतो. सर्वांत खालची पायरी, सर्वांत छोटं अक्षर, आणि वर भल्यामोठ्या भेटींची यादी. मला हे लागतं.

आभार मानायचेच नाहीत असं मी म्हणत नाही. भेट अशी असावी की पाठीराखे साठचे सहाशे झाले तरी तिचं काम वाढणार नाही. चित्र कसं घडलं याची दोन पानांची टिपणं, कच्ची रेखाटनं, महिन्यातून एकदा सर्वांसाठी एकत्र ऑनलाइन गप्पा, वर्षाअखेरच्या संग्रहात सर्वांची नावं. हे एकदा करायचं आणि सर्वांना मिळतं. एखाद्याला हातात काही द्यायची फारच हौस असेल तर पोस्टकार्ड लिहावं. ५० पैशांचं कार्ड, दोन ओळी, वर्षातून एकदा, आणि तेही आधी कबूल न करता. कबूल केलेली वस्तू उशिरा गेली की माफी मागावी लागते. न कबूल केलेलं पत्र कधीही गेलं तरी माणूस ते जपून ठेवतो.

एक गोष्ट परदेशातल्या वाचकांबद्दल. आपल्या कितीतरी पाठीराख्यांचा पत्ता न्यू जर्सीचा किंवा लंडनचा असतो, आणि त्यातल्या अनेकांनी तिकडचं नागरिकत्व घेतलेलं असतं. परकीय योगदानाचं नियमन करणारा २०१० चा कायदा नोंदणीकृत वृत्तपत्राच्या वार्ताहराला, स्तंभलेखकाला, व्यंगचित्रकाराला, संपादकाला परकीय योगदान घ्यायला मनाई करतो. व्यवसायाच्या नेहमीच्या ओघात कामाबद्दल मिळालेला मोबदला या मनाईत येत नाही. त्यामुळे वर्तमानपत्रात सदर किंवा व्यंगचित्र करणाऱ्या माणसाने पानावर ‘देणगी द्या’ लिहून परदेशी नागरिकांचे पैसे घेण्याआधी सीएला विचारावं. ‘महिन्याची वर्गणी, त्यात मिळणारं काम हे’ अशी रचना मला इथेही जास्त सुरक्षित वाटते, आणि अधिक खरीही. आयकराचं तर सरळ आहे. वर्गणी हे उत्पन्न आहे आणि ते विवरणपत्रात दाखवायचं. मोबदल्याशिवाय मिळालेले पैसेही वर्षात एकूण ५० हजारांच्या वर गेले की करपात्र होतात. आणि एका व्यक्तीला दिलेल्या मदतीवर देणाऱ्याला देणगीची करसवलत मिळत नाही, तेव्हा तसा आभासही पानावर नको.

हे सगळं बोलून झाल्यावर मैत्रिणीने पान बदललं. शंभर आणि तीनशे, दोनच रकमा. दोन्हींना तेच चित्र, तीच टिपणं, तीच महिन्याची गप्पा. तीनशेच्या खाली एवढंच लिहिलं की ज्यांना परवडतं त्यांच्यासाठी. स्केच हवं असेल तर कमिशनचा दर वेगळा, अडीच हजार. प्रिंट हवी असेल तर ती विकत, खर्चासकट.

काही माणसं गेली, हे लपवायचं कारण नाही. ९९९ देणाऱ्या पाचांपैकी तिघे तीनशेवर आले, दोघांनी निरोप घेतला. २९९ वाल्या पंधरांतले बारा राहिले. ९९ वाले चाळीसही शंभरवर राहिले. एकूण जमा ८,५००, फी वजा जाता ७,२९६. आधी ९,२९७ येत होते, म्हणजे महिना दोन हजारांचा खड्डा पडला. पण ते दोन हजार मिळवायला ती सव्वीस तास घालवत होती, तासाला सत्त्याहत्तर रुपये. निरोप घेतलेल्या दोघांपैकी एकाने पुढे पूर्ण दराने एक स्केच करून घेतलं, आणि चार तासांत त्या महिन्याचा खड्डा भरून वर पाचशे उरले. दर महिन्याला असं होईलच असं नाही. एखादा महिना कोरडाही जाईल, आणि त्या महिन्यात दोन हजार कमीच पडतील. ज्याचं घर याच पैशावर चालतं त्याने बदल एकदम न करता आधी स्केचचा टिअर नव्यांसाठी बंद करावा, जुन्यांना तीन महिन्यांची सूचना द्यावी, आणि मग प्रिंटचा.

पानाच्या तळाशी आता तिने चार ओळी लिहिल्या आहेत. ‘तुमच्या शंभर रुपयांतले १४ रुपये १६ पैसे मंच, गेटवे आणि करात जातात. माझ्याकडे ८५ रुपये ८४ पैसे येतात. एकरकमी द्यायचे असतील तर खालचा क्यूआर वापरा, ते पूर्ण पोचतात. थांबायचं असेल तर तुमच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे उघडून मॅन्डेट रद्द करा, मला विचारायची गरज नाही.’